हळदीचा प्रॉम्प्ट

मुलीने पुण्याहून फोन करून सांगितलं, की तिच्या लग्नाची छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला पुरे. बाकी सगळ्यांना मोबाईलवर व्हिडिओ जाईल. अर्ध्या मिनिटाचा. त्याला टीझर म्हणतात. त्यात हळद दिसायला हवी, प्रकाश उबदार हवा आणि कॅमेरा हळुवार हवा. मी विचारलं, हळद अजून तीन आठवड्यांनी आहे, मग ती आत्ता कुठून दाखवणार? ती म्हणाली, "एआय करतं ते. तू फक्त प्रॉम्प्ट लिही. म्हणजे काय दिसायला हवं ते लिहायचं. हळदीतलं मला काय कळतंय?"

जे अजून झालेलं नाही ते झालं असं लिहायचं, हे मला नवीन नव्हतं. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत टिपण्या लिहिल्या आहेत.

त्याच सवयीने मी फुलस्केप कागदावर आठ मुद्दे काढले. अंगण, आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, सकाळचं कोवळं ऊन. पाटावर बसलेली वधू, पिवळी साडी. सवाष्णी घाणा भरत आहेत. वराची उष्टी हळद वधूला लावली जात आहे. पाच सवाष्णी, हातांत हिरव्या बांगड्या. मुद्दा क्रमांक सात असा होता: वधूची आई दारात उभी राहून पाहत आहे. ती हळद लावत नाही.

हा सातवा मुद्दा समजावा म्हणून थोडं मागचं सांगते. माझे यजमान गेल्याला अकरा वर्षं झाली. ते गेल्यावर वर्षभराने पुतण्याचं लग्न होतं. हळदीच्या वेळी सवयीने मी वाटी हातात घेतली. माझ्या मोठ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, ती माझ्या हातातून काढून घेतली आणि शेजारणीला दिली. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. तेव्हापासून कुठेही हळद असली की मी दारात उभी राहते. बसायला जागा असली तरी उभी राहते. पण स्वतःच्या मुलीच्या हळदीलाही तसंच उभं राहायचं, हे मला नको होतं. मुलीला हे सांगितलं असतं तर ती वन्संशी भांडली असती आणि लग्नघराची शोभा झाली असती. तेव्हा दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच लिहून टाकलं.

वन्सं लग्नाच्या तयारीसाठी हेदवीहून जयगडची फेरीबोट धरून आधीच येऊन राहिल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले, पण मतं शाबूत. मी टीझरवाल्या दुकानात निघाले तर त्याही चप्पल घालून दारात उभ्या. "हळदीतलं काय चुकलं तर नाव आपलं जाईल. मी येते," म्हणाल्या.

दुकान मारुती मंदिराच्या अलीकडे आहे. पुढे पत्रिकांचे नमुने टांगलेले, मागे कॉम्प्युटर. दुकान चालवते ती तिशीतली मुलगी. तिचे वडील पत्रिका छापायचे. ही पत्रिका हलवते. तिने माझा कागद वाचला आणि म्हणाली, "काकू, क्रमांक घातलेला प्रॉम्प्ट मी पहिल्यांदाच बघतेय." मी म्हटलं, संदर्भाला बरं पडतं.

तिने समजावलं ते असं. एका वेळी आठ सेकंदांचा तुकडा निघतो. एका तुकड्यात एकच गोष्ट सांगायची. असे तीन-चार तुकडे जोडायचे. नावं आणि मुहूर्त आपण नंतर वरून टाकायचे, कारण यंत्राला अक्षरं लिहायला सांगितली की ते देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी भलतंच लिहितं. हळुवार कॅमेरा म्हणजे कॅमेरा सावकाश पुढे सरकणार, धक्का नाही, गरकन वळणं नाही. "हे लिहावंच लागतं," ती म्हणाली, "नाहीतर तो धावत सुटतो."

पहिल्यांदा तिने घाणा टाकला. मिनिटभर वाट बघितली आणि पडद्यावर चित्र आलं. सुंदर कोवळं ऊन. अंगणाच्या मधोमध लाकडी तेलघाणा, त्याला जुंपलेला बैल. कॅमेरा अत्यंत हळुवारपणे बैलाच्या तोंडापर्यंत गेला.

वन्संनी चष्मा पुसला. "ह्यानं बैल कशाला आणलान?"

मग त्या मुलीला वन्संनी समजावलं, की घाणा भरायचा म्हणजे दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधायची, सवाष्णींनी मिळून उखळात हळकुंडं कांडायची आणि गाणी म्हणायची. ती म्हणाली, "आजी, हे अस्संच लिहायला हवं होतं. खास शब्दाची फोड करावी लागते." तिने फोड करून लिहिलं. मुसळं आली. एका बाईला सहा बोटं होती, ते पुढच्या खेपेला सुधारलं.

दुसरी उष्टी हळद. वराला लावून उरलेली हळद वधूकडे येते, तिला आपण उष्टी म्हणतो. पडद्यावरची वधू वाटीतली हळद चमच्याने खात होती. चेहऱ्यावर समाधान होतं. वन्सं म्हणाल्या, "लेकीला खोकला झालाय काय?" इथे उष्टी हा शब्दच काढला आणि 'वराच्या घरून आलेली हळदीची वाटी' असं घातलं.

मग आला सातवा मुद्दा.

दुकानातल्या मुलीने माझं वाक्य जसंच्या तसं टाकलं. चित्र आलं. अंगण, पाट, वधू. दारात एक बाई उभी होती. मला बरं वाटलं, निदान हे तरी बरोबर आलं. पण दुसऱ्याच सेकंदाला ती बाई दारातून निघाली, सरळ पाटापाशी आली आणि वधूच्या दोन्ही गालांना हळद लावून हसली.

मी म्हटलं, "ती लावत नाही असं स्वच्छ लिहिलंय."

मुलीने पुन्हा केलं. 'आई हळद अजिबात लावत नाही' असं लिहिलं. या वेळी आई दारात थांबलीच नाही, आधीपासून पाटापाशीच होती. तिसऱ्या खेपेला 'आईच्या हातात हळद नाही' असं लिहिलं, तर दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे आले.

"काकू," ती म्हणाली, "त्याला 'नाही' धड कळत नाही. आई आणि हळद हे दोन शब्द बघतो आणि त्यांची गाठ घालतो. जे नको ते लिहायचंच नसतं. आईने लावायला नको असेल तर आईच काढून टाकावी लागेल."

मी पडद्याकडे बघत होते. ती बाई माझ्यासारखी मुळीच दिसत नव्हती; माझ्यापेक्षा गोरी आणि पंधरा वर्षांनी लहान होती. तरी मला तिचा हेवा वाटला. कसलीही परवानगी न काढता चालत आली होती. कचेरीत नकारार्थी शेरा मारताना लागायचा तसा आवाज लावून मी म्हटलं, "काढा. मुद्दा क्रमांक सात रद्द."

मुलीने बोट कळीवर ठेवलं.

"थांब गो," वन्सं म्हणाल्या. "हे चुकलंय."

मला वाटलं, आता आणखी काय काढणार. त्या पडद्याजवळ वाकल्या. "गालाला आधी हळद कोण लावतं? पायापासून वर जायचं असतं. पाय, गुडघे, खांदे, मग कपाळ. ह्यानं एकदम तोंडालाच लावलीन. असं लिही, की आई आधी पायांना लावते."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "पण आजी, काकू म्हणतात आई लावतच नाही."

"कोण म्हणतं?"

"मी लिहिलंय," मी म्हटलं.

"तुला कोणी सांगितलंन असं लिहायला?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. परक्या दुकानात घरचं बोलायचं नाही हे मला कळतं, पण मी बोलले. म्हटलं, "तुम्ही सांगितलंत वन्सं. पुतण्याच्या लग्नात माझ्या हातातली वाटी काढून घेतलीत. दहा वर्षं मी दारात उभी राहतेय."

दुकानातली मुलगी पत्रिकांचे नमुने सारखे करायला पुढे गेली. ते आधीच सारखे होते.

"घेतली होती," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा मला तसंच वाटायचं."

"आणि आता?"

"आता माझे गुडघे वाकत नाहीत. पोरीच्या पायांशी बसायला कोणतरी हवंय ना. आई असताना दुसरी कोण बसेल?"

एवढंच. माफी नाही, हात धरणं नाही. दहा वर्षं मी दारात काढली आणि यांनी गुडघ्यांवर भागवलं, याचा मला भयंकर राग आला. आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की मला पर्समधला रुमाल सापडेना. वन्संनी आपल्या पदराचं टोक माझ्यापुढे केलं आणि मुलीला हाक मारून म्हणाल्या, "ये गो. लिही."

नवा मुद्दा सात वन्संनी सांगितला, मी शुद्ध केला आणि मुलीने टाकला. आठ सेकंदांत पाय ते कपाळ बसेना, म्हणून पायांवरच भागवलं. चेहरा माझ्यासारखा येईना, तेव्हा मुलीने फक्त हात दाखवायचं सुचवलं. हात आले, त्यांत हिरव्या बांगड्या आल्या; सवाष्णींच्या होत्या त्या यंत्राने आईलाही भरल्या. माझे हात अकरा वर्षं तसे नाहीत आणि मला खोटं नको होतं. पण 'बांगड्या नाहीत' असं लिहिलं असतं तर बहुतेक दुप्पट आल्या असत्या. "काकू, मग काय आहे ते सांगा," मुलगी म्हणाली. मी मनगट पुढे केलं. नोकरीत असताना घेतलेलं, चामडी पट्ट्याचं साधं घड्याळ. तिने तेवढंच लिहिलं: आईच्या डाव्या मनगटावर चामडी पट्ट्याचं साधं घड्याळ.

या खेपेला बरोबर आलं. पाटावर टेकलेले दोन पाय, पायांत पैंजण. घड्याळ घातलेला एक हात वाटीत बोटं बुडवतो आणि पावलांवरून हळद ओढत नेतो. ऊन तिरपं पडलेलं. कॅमेरा सावकाश जवळ येतो. घड्याळात किती वाजलेत ते कळत नाही, काटे चार होते. वन्सं म्हणाल्या, "चालेल. मुहूर्त वरून लिहायचा आहेच."

दुसऱ्या दिवशी तयार टीझर माझ्या मुलीला पुण्याला पाठवला. आता ती विचारेल, आई, तू लावणार आहेस का, आत्या काय म्हणाल्या, हे कसं झालं. उत्तरं मी मनात क्रमवार लावून ठेवली होती. तासाभराने फोन आला.

"छान झालाय," ती म्हणाली. "फक्त त्या दिवशी घड्याळ आधी काढून ठेव हां. हळदीने पट्टा खराब होईल."

दुसरं काही तिला विचारायचंच नव्हतं. मी वाटीला हात लावणार नाही असं तिच्या मनात कधी आलेलंच नव्हतं.

"काढून ठेवते," मी म्हटलं.