टेम्प्लेटमधलं उरलेलं नाव

वाशिमात सोयाबीन चाळायच्या मशिना बनवायचा एक कारखाना होता, तिथल्या हापिसात मी दोन वर्षं होतो. काम काय, तर वाचायचं. विक्रेत्याइले हंगामाआधी जे ईमेल जाये, ते जायच्या आधी मी वाचायचं आन् चुका पकडायच्या. बी.ए. करून पोट्टं ईमेल वाचून राह्यलं, हे गावात कोणाले पटे नाई. बाप म्हणे, "वाचायचे पैसे भेटतात तं शाळेत काहून नाई वाचलं?"

हापिसात आमी तिघं. साहेब, ताई आन् मी. ताई अनसिंगहून रोज यायची. ईमेलचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, ती बनवे. आठ वर्षं झाली होती तिले, अकरा महिन्याच्या ऑर्डरवर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, मंग नवी ऑर्डर. साहेबानं त्या साली सांगतलं होतं, या हंगामाचे सगळे ईमेल बिनचूक गेले तं पक्की ऑर्डर काढतो. ताईनं ते घरी सांगून टाकलं होतं. पोरीनं वर्गातबी सांगतलं म्हणे.

साहेबाची सवय अशी की नवीन काही लिहायचं नाई. "मागच्या सालचं उचल आन् तारीख बदल," एवढंच. त्यानं होये काय, उन्हाळ्याच्या पत्रात खाली दिवाळीच्या शुभेच्छा राहून जायच्या. एकदा पुसदच्या एका विक्रेत्याले लिहिलेलं पत्र उचलून सगळ्याइसाठी टेम्प्लेट केलं, त्यात मधातच एक ओळ राह्यली, 'परवा आपल्या मुलीच्या लग्नात भेट झाली, आनंद वाटला.' मी पकडली म्हणून बरं. नाईतं चारेकशे लोकाइनं विचारलं असतं, माह्या पोरीचं लग्न कधी झालं?

डोळ्यानं वाचलं की चुका सटकतात. ओळीच्या शेवटी 'हंगामाच्या' आन् खालच्या ओळीच्या सुरवातीले पुन्हा 'हंगामाच्या', डोया सरळ पुढं जाते. कान नाई जात. म्हणून मी मोठ्यानं वाचो, आन् नुसतं वाचो नाई, आवाज काढून वाचो. पहिला परिच्छेद एस.टी. स्टँडवरच्या अनाउन्सरच्या आवाजात, दुसरा आमच्या हेडमास्तरच्या, तिसरा साहेबाच्या. साहेबाच्या आवाजात एकच शब्द दोनदा आला की कसा ठेचकाळते, ते ऐकून ताई पोट धरून हासे आन् तिथंच दुरुस्त करे. आमची चेकिंगची पद्धत हीच होती, आन् चालत होती.

ताईचा एक नियम मात्र होता. नावाची यादी एक्सेलमधी, पत्र वर्डमधी. वर्ड यादीतून नाव उचलून 'प्रिय' च्या पुढं बसवते आन् यादीतल्याच पत्त्यावर पाठवते. ती म्हणे, "पत्राले कितीबी हात लाव. यादीले हात लावला तं मले सांगायचं. मंग आपण दहा नावं पत्त्याशी ताडून पाहू."

त्या खेपेले विक्रेत्याइच्या मेळाव्याचं बोलावणं जाचं होतं. मले वाटलं, काही नावं यादीत दोनदा असतील, एकाच माणसाले दोन ईमेल जातील. तर ती शोधाले मी नावाचा एकच कॉलम निवडला आन् अ पासून लावून घेतला. एक्सेलनं विचारलंबी, बाजूचे कॉलमबी संग घेऊ का? मी म्हटलं, नाई, एवढंच. दोन जोड नावं सापडली, त्या ओळी काढल्या, खुश झालो, फाईल सेव्ह केली. ताई तवा जेवाले गेली होती. आली तवा मी दुसऱ्याच गोष्टी सांगत बसलो. ते सांगाचं राह्यलं.

झालं काय, नावं सरकली आन् पत्ते जागेवरच राह्यले. पाठवायच्या आधी ताईनं वर्डमधी पत्रं उघडून दाखवली. प्रिय अमुक, प्रिय तमुक. सगळी नावं खरी, शुद्ध लिहिलेली. ते पत्र कोणाच्या पत्त्यावर चाललं, हे तिथं दिसतच नाई. मी तिन्ही आवाजात वाचलं. एक शब्द डबल नाई, एक जुनी ओळ नाई. ताईनं विचारलं, "वाचलं ना रे नीट?" मी अनाउन्सरच्या आवाजात म्हटलं, गाडी सुटाले तयार आहे. तिनं बटन दाबलं.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. बरेच जण हासत होते, म्हणे दुसऱ्याच्या नावानं आम्हाले मेळाव्याले बोलावता का. मी त्याइच्या नकला करून राह्यलो होतो, ताईबी हासत होती. मंग मानोऱ्याकडच्या एका बड्या विक्रेत्याचा फोन साहेबाले आला. जमीनदार घराणं. त्याच्या पत्रावर आडनाव आलं होतं बौद्ध माणसाचं. तेच आडनाव ताईचंबी होतं.

साहेबानं ताईले आत बोलावलं. दार उघडंच होतं. साहेब म्हणत होता, त्यांचं म्हणणं आहे हे मुद्दाम केलं. ताई बोलली ते मले स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब, चारशे पत्रं चुकली. त्यांना एकच दिसलं का?"

मी यादी उघडली तवा मले कळलं. पण ताई बाहेर येईपर्यंत मी उठलो नाई, हे खरं. ती आली, पर्स घेतली, डबा घेतला, अन् मले म्हणाली, "यादीले हात लावला होता का तू?"

मी हो म्हटलं. ती चपला घालून निघाली. मले वाटलं होतं शिव्या देईल.

मंग मी आत गेलो. सांगतलं, साहेब, यादी मी सरकवली, ताईले माहीतबी नव्हतं.

साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाला, "यादी कोणी केली ते त्यांनी विचारलंच नाई रे. पत्र बनवणाऱ्या बाईचं आडनाव विचारलं. तू बस जागेवर."

मी बसलो. राजीनामा लिहाचा होता, तं लिहिला नाई. घरी काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

सांजच्याले माफीचा ईमेल निघाला. साहेबानं आपल्या सवयीनं तेच पत्र उचललं, वरचा मजकूर बदलला. 'संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे.' मले म्हणे, वाच. मी यादी नीट केली, दहा नाई, पन्नास नावं पत्त्याशी ताडली. मंग मोठ्यानं वाचाले लागलो, पण आवाज कोणाचाच निघाला नाई, माह्याच आवाजात वाचत गेलो. एक शब्द डबल नव्हता. सगळ्यात खाली मात्र जुन्या पत्रातली एक ओळ राह्यली होती. 'अधिक माहितीसाठी संपर्क', आन् पुढं ताईचं पूर्ण नाव, तिचा मोबाईल नंबर.

ठेवली असती तं त्या मानोऱ्याच्या माणसाचा पुढचा फोन सरळ तिच्या घरी गेला असता.

मी ते नाव आन् नंबर काढला. एकेक अक्षर मागून पुसत गेलो. जागा रिकामी ठेवता येत नाई, म्हणून माह्यं नाव आन् नंबर टाकला.

साहेब मागं उभा होता. म्हणे, "पाहा, याले म्हणतात चेकिंग."