चुकायची जागा

आमच्या वसतिगृहात त्याला सगळे शंकासुर म्हणत. मेसची भाकरी आज कच्ची आहे असं कोणी म्हटलं, तर तो विचारी, "कालच्यापेक्षा का परवापेक्षा?" मुंग्यांनी अंडी हलवली, आता पाऊस येणार, असं आमचे रेक्टर एकदा सांगत होते. शंकासुर हात जोडून म्हणाला, "सर, कधीपर्यंत आला नाही तर मुंग्या चुकल्या म्हणायचं, तेवढं सांगा." रेक्टर चिडले. पाऊस काही आला नाही. त्या वर्षी तो कुठेच आला नाही.

तो किनवटकडचा, रेल्वेत गँगमन असलेल्या बौद्ध बापाचा मुलगा. नांदेडला पदार्थविज्ञान शिकत होता. मी शिरूर अनंतपाळकडच्या शेतकरी घरातला, आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. माझा विषय समाजशास्त्र. पहिल्याच आठवड्यात माझं पुस्तक उलटंसुलटं करून त्यानं मला शास्त्रीबुवा हे नाव दिलं. "विषयाच्या नावात शास्त्र हाय, म्हणून तू शास्त्री. बाकी आत मला शास्त्र दिसून नाही राहिलं."

तेव्हापासून वाद सुरू झाला. दगड नांदेडला सोडा का लातूरला, सारखाच पडतो, हे त्याचं पहिलं म्हणणं. माणसाला प्रयोगशाळेत कोंडता येत नाही, मग नियम कुठून काढणार? मी म्हणालो, ग्रहताऱ्यांना तरी कोणी कोंडलंय? खगोल अभ्यासणारे नुसते बघतात, मोजतात आणि पुढचं ग्रहण सांगतात. त्यावर तो "हाव, हे बरोबर" म्हणून उठला आणि खालच्या हौदावरून माझी बादली भरून वर घेऊन आला. दुष्काळामुळे प्रत्येकाला दिवसाला एकच बादली मिळे आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. वादात हरेल त्यानं दुसऱ्याची बादली वर आणायची, हा आमचा कायदा त्या दिवशी ठरला. हरल्यावर त्याचं तोंड कधी पडलं नाही. उलट काहीतरी सापडल्यासारखा तो जिना चढे.

पण बहुतेक वेळा बादली मीच वाहिली. कारण त्याचा एक प्रश्न मला अडवायचा. मी एखादा मोठा सिद्धान्त सांगितला की तो म्हणे, "सगळं पटलं. यात चुकायची जागा कुठंय?" म्हणजे काय दिसलं तर हा सिद्धान्त खोटा ठरेल, ते आधी सांग. जे कशानंच खोटं ठरत नाही, ते त्याच्या मते शास्त्र नव्हतं, भविष्य होतं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी टँकरच्या पाण्याचा विषय घेतला. लातूर तेव्हा नवाच जिल्हा झाला होता आणि आमच्या गावाला टँकरशिवाय पाणी नव्हतं. ते कोणाला किती मिळतं, हे मी शोधणार होतो. गावात गेलो, चुलत्यांनी चावडीवर सतरंजी टाकून दिली, माणसं बोलावली. सगळ्यांनी एकच सांगितलं, पाणी समद्यांला सारखं. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. मी समाधानानं परत आलो.

शंकासुरानं सगळं वाचलं आणि विचारलं, "हे बोलत होते तवा तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"चुलते."

"अन् तू कोणाचा पोरगा?"

उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, "चमचाभर पाण्यात तापलेला थर्मामीटर बुडवला, तर तो पाण्याचं न्हाई, सोताचंच तापमान सांगतो. तू गावाला न्हाई विचारलंस शास्त्रीबुवा. तुझ्याच घराला विचारून आलास."

मला वाईट वाटलं. म्हणजे माझा विषय शास्त्र नाहीच, असं मी म्हणालो. तर तोच उसळला. थर्मामीटर चुकतो म्हणून पदार्थविज्ञान कोणी बंद केलं नाही, थर्मामीटर सुधारला. "तूही सुधार. मी येतो संगं." आणि त्या दिवशी माझी बादली त्यानंच आणली.

सुट्टीत तो माझ्यासोबत गावी आला. शेजारचं एक गाव आम्ही निवडलं. वस्ती तशीच, दुष्काळ तोच, टँकरही तोच. फरक एवढाच, की आमच्या गावात टँकर विहिरीत रिकामा होई आणि मग पोहऱ्यानं पाणी शेंदायचं; शेजारच्या गावातली विहीर ढासळली होती, म्हणून तिथं नळीनं थेट घागरी भरून देत. माझा अंदाज सरळ होता: पाण्याचा वाटा जात ठरवते, तेव्हा दोन्हीकडे बौद्ध वस्तीला कमी मिळणार. शंकासुरानं मला माझ्या मायसमोर उभं केलं आणि चुकायची जागा मोठ्यानं सांगायला लावली. मी सांगितलं, एका जरी गावात वस्तीला बरोबरीनं मिळालं, तर मी चुकलो. माय हसून म्हणाली, "पाण्याची परीक्षा घ्यायला एवढं शिकावं लागतंय व्हय रे?"

तिच्याच सुपात आम्ही घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि न बघता उचलल्या, म्हणजे ओळखीची घरं आपोआप निवडली जायला नकोत. यावेळी चावडी नको असं ठरलं. वस्तीतली अंगणवाडीची बाई बायकांना घरी एकेकटं विचारायची. मी आणि शंकासुर पाणवठ्यावर वेगवेगळ्या बाजूंना बसून भरलेल्या घागरी मोजायचो आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी आमचे आकडे जुळले नाहीत. मी कळशीलाही घागर धरत होतो, तो धरत नव्हता. मग घागर म्हणजे केवढी, हे ठरवण्यावरच सकाळ गेली. तो खूश होता. "हेच शास्त्र. आधी शब्दाचं माप ठरव, मग पाण्याचं."

आमच्या गावच्या विहिरीवर जे दिसलं, ते मी लहानपणापासून रोज बघत होतो आणि तरी कधी पाहिलं नव्हतं. वस्तीतल्या बायकांना कोणी नाही म्हणत नव्हतं. त्या आपल्या घागरी जरा लांब ठेवून उभ्या राहायच्या. सवड मिळाली की वरच्या आळीतली एखादी आपल्या पोहऱ्यातून त्यांना ओतायची. तोवर विहिरीचा तळ लागायचा.

दुपारी शंकासुराला तहान लागली. एका बाईनं कुणाचे पाहुणे म्हणून चौकशी केली. त्यानं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मग तिनं तांब्या हातात न देता वरून धार धरली आणि तो ओंजळीनं प्याला. मी लांबून बघत होतो. संध्याकाळी मी म्हणालो, हेही प्रबंधात लिहितो, याहून मोठा पुरावा कोणता?

"न्हाई," तो म्हणाला. "मी एकटा, त्यात पाहुणा. एवढ्यावरनं गावाचा नियम न्हाई निघत."

"तुला काहीच वाटलं नाही?"

तो बराच वेळ पायातला काटा काढत राहिला. मग म्हणाला, "वाटलं ना. पण माझ्या मायला हे जन्मभर वाटून राहिलं, कोणी ऐकलं का? वाटलेलं कोणी ऐकत न्हाई शास्त्रीबुवा. नीट मोजलेलं कदाचित ऐकतील. म्हणून म्हणतो, मोजण्यात लबाडी नको. माझ्या बाजूनं पण नको."

शेजारच्या गावात मी चुकलो. तिथं रांग होती, नळी होती, आणि वस्तीच्या घागरी जवळजवळ बरोबरीनं भरत होत्या. माझा सिद्धान्त मोडला. ते गाव गाळून टाकावं का, असा विचार मी बोलून दाखवला, कारण एकट्या आमच्या गावावर प्रबंध छान उभा राहत होता. शंकासुरानं मला मध्येच अडवलं.

"आज पहिल्यांदा तुझ्या विषयाला मी शास्त्र म्हणणार होतो," तो म्हणाला, "अन् तू ते फेकून द्यायला निघालास. चुकलास म्हणजे चुकायची जागा होती. आता विचार कर, का चुकलास?"

रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही तेच बोलत होतो. जात दोन्ही गावांत होती, पण तिला आत शिरायला वाट लागत होती. पाणी एका हातातून दुसऱ्याच्या भांड्यात पडायचं तिथं ती वाट उघडी होती. नळीनं ती बंद केली. हे खरं असेल, तर आमच्या गावात टँकरनं थेट घागरी भरून दिल्यास फरक कमी झाला पाहिजे. हा नवा अंदाज. त्यातही चुकायची जागा होती.

तो तपासायला आम्ही लातूरला गेलो. नव्या जिल्ह्याची कचेरी अजून बसत होती, फायलींचे गठ्ठे व्हरांड्यात पडले होते. तिथल्या एका साहेबांनी विचारलं, तक्रार आहे का? शंकासुर म्हणाला, "तक्रार नाही साहेब. दोन गावं शेजारी ठेवून बघा, एवढंच." साहेबांनी बघितलं, आणि आमच्या गावचा टँकर वस्तीजवळ उभा करून नळीनं पाणी देण्याचा हुकूम निघाला. चुलते माझ्याशी बोलेनासे झाले. पण वस्तीच्या घागरी भरू लागल्या, आम्ही मोजल्या.

थोड्या दिवसांनी पुन्हा मोजल्या, तर फरक हळूच परत येत होता. वरच्या आळीतले लोक पहाटेच दगड ठेवून रांगेतल्या जागा धरू लागले होते. मी खचलो. शंकासुर मात्र डोकं खाजवत म्हणाला, "दगडाला नियम कळला तरी तो तसाच पडतो. माणसाला नियम कळला की माणूस बदलतो. हे माझ्या शास्त्रात न्हाई. तुझं काम माझ्यापेक्षा अवघड हाय." दगडांचं आम्ही साहेबांना कळवलं आणि घरटी घागरी ठरवून मिळाल्या. तो नियम पुढे उन्हाळाभर टिकला.

नांदेडला परतल्यावर प्रश्न आला, हरलं कोण? त्यानं बराच विचार केला आणि माझी बादली अर्धीच भरून वर आणली. "अर्धं शास्त्र मान्य," तो म्हणाला. उरलेली अर्धी मी मागतच राहिलो. शिक्षण संपलं तेव्हा त्याची ट्रंक आम्ही दोघांनी दोन कड्यांना धरून स्टेशनवर नेली. गाडी हलताना मी विचारलं, "अर्ध्या बादलीचं काय?" तो खिडकीतून म्हणाला, "अजून मोजून राहिलो."

मी लातूरला समाजशास्त्र शिकवलं, तो किनवटला पदार्थविज्ञान. भेटी कमी झाल्या, पण वर्गात एखादा सिद्धान्त सांगताना त्याचा प्रश्न मी स्वतःला विचारल्याशिवाय राहिलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो तर त्याचा एक विद्यार्थी बसला होता. मी कोण हे कळल्यावर तो एकदम उठला. "म्हणजे शास्त्रीबुवा तुम्हीच?" सर दरवर्षी पहिल्या तासाला दगडाचं, लंबकाचं काही शिकवत नसत, असं त्यानं सांगितलं. शास्त्र म्हणजे काय, हे समजावताना ते दोन गावं, एक टँकर आणि स्वतःचा अंदाज चुकल्यावरही चुकलेलं गाव न गाळणारा एक मित्र, एवढंच सांगत.

ते गाव गाळू न देणारा कोण होता, हे शंकासुरानं वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. उरलेली अर्धी बादली त्यानं केव्हाच वर आणून ठेवली होती; मला तेवढं कळवायचं राहिलं.