दक्षिणेचं दार

ताज्या ऑइलपेंटचा वास आला की मला जुन्नरच्या ऑफिसातला तो गृहस्थ आठवतो. आमची ओळख नमस्कारापुरतीच. तरी माझ्या वास्तुशांतीला आला, पोटभर जेवला आणि आईसमोर म्हणाला, "घर लई भारी, राव, पण दार दक्षिणेला कसं?" आईने महिन्याभरात ते दार विटांनी बुजवलं. नवं दार काढलं ते शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर, आणि त्यानंतर मी रोज शेण तुडवत घरात शिरलो. पुढे त्यानेही नारायणगावात घर घेतलं. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ कागदात बांधून घेऊन मी वास्तुशांतीला गेलो. त्याच्या आईच्या पाया पडलो, खोलीन् खोली पाहिली, ओट्यावरून हात फिरवून फरशी वाखाणली. शोधूनही कुठे खोट सापडेना. निघताना त्याच्या आईसमोरच म्हणालो, "अभिनंदन! सगळं छान आहे. फक्त... जाऊ द्या, आज शुभ दिवस." तो एसटीडी बूथपर्यंत अनवाणी मागे आला. "काय व्हतं, सांगा ना भाऊ. आई जेवायची नाय." मी म्हणालो, "काही नाही हो," आणि जीपमध्ये बसलो. वर्षभरात त्याने जिना पाडला, मोरी हलवली, देवघर दोनदा फिरवलं. परवा ओतूरला एका लग्नात भेटला, केस पांढरेफटक. "आता तरी सांगा, काय व्हतं?" मी विचारलं, "माझं दक्षिणेचं दार आठवतं?" त्याला आठवेना. मग मीही सांगितलं नाही.