सुतक नव्हतं, एवढंच कळवायचं होतं

मुलीच्या सरांचा संदेश सकाळीच पालकांच्या ग्रुपवर माझ्या नावानं आला तेव्हा मी ऑफिसात होते. माझं टेबल आवक-जावकचं आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी येतात, त्यांना उत्तरं जातात. त्यामुळे कुठलंही पत्र वाचताना ‘याला नेमकं काय हवंय’ हे शोधायची मला सवय आहे. सरांना काय हवं होतं ते स्वच्छ लिहिलेलं होतं. आपली मुलगी वारंवार गैरहजर असते. या सहामाहीत आपल्याकडे तीन वेळा सुतक झाल्याचे घरून कळवण्यात आले. तरी समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा खो-खोच्या संघात दुसऱ्या मुलीचा विचार करावा लागेल.

तीन सुतकं! मी मोबाईल खाली ठेवला आणि आमच्या घरात कोण कोण गेलं ते आठवू लागले. कोणीही गेलेलं नव्हतं.

तेवढ्यात ग्रुपवर एका आईनं लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली जोडलेले हात. मग दुसरीनं. मग कुणाच्या तरी बाबांनी कमळाचं चित्र टाकलं. सरांचा मूळ प्रश्न काय होता हे वाचायची कुणाला गरज वाटली नाही. सुतक हा शब्द दिसला, सगळ्यांचे हात जोडले गेले.

घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सकाळी लवकर निघते, नवरा जहाजावर. त्यामुळे मुलगी शाळेत जाणार नसली की शाळेला फोन करायचं काम त्यांच्याकडे होतं. “बरं नाही एवढं सांगा,” असं मी त्यांना बजावलेलं होतं.

“आई, शाळेत काय सांगितलंत तुम्ही?”

“सुतक आहे म्हटलं.”

“कुणाचं?”

“एकदा राजापूरच्या काकांचं, तुझ्या चुलत सासऱ्यांचं. बाकीची नुसतीच.”

“आणि काका?”

“काका बरे आहेत की. परवाच फोन झाला.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. “हे बघ गो, बरं नाही म्हटलं की लगेच विचारतात, काय होतंय? ताप आहे? किती आहे? कुठल्या डॉक्टरकडे? आणि विचारणार कोण, तर बाप्या माणूस. सुतक म्हटलं की बरं बरं म्हणतात नि फोन ठेवतात. आणि मी खोटं कुठे बोलले? विटाळ तो विटाळ.”

युक्तिवाद बिनतोड होता. फक्त त्यात राजापूरचे काका हकनाक गेले होते.

खरी गोष्ट साधी होती. मुलगी तेरा वर्षांची. पाळी सुरू झाली तेव्हापासून अंगावरून फार जायचं. दप्तर घेऊन उभं राहिलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रक्त तपासून घेतलं, सोनोग्राफी केली. लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, या वयात असं पुष्कळ मुलींना होतं, घडी बसेल हळूहळू, पण काही महिने द्या. एरवी ती हरिणीसारखी पळते. खो-खोत खांबाला असा वळसा घालते की पाठलाग करणारी पुढे निघून जाते. सर स्वतःच खो-खो शिकवतात आणि तेच तिचे वर्गशिक्षक. म्हणजे हजेरी आणि संघ दोन्ही एकाच माणसाच्या हातात.

मुलगी शाळेतून आली ती दार आपटूनच. शाळेला निघायच्या आधी मुलांनी घरचे फोन बघितलेच होते. वर्गातल्या एका मुलानं तिला विचारलं होतं, “तुझ्या घरात अजून कोणी शिल्लक आहे काय?”

“मी उद्या जाणार नाही,” ती म्हणाली. “आणि तू सरांना खरं सांगितलंस तर कधीच जाणार नाही.”

“मग सांगू काय?”

“ते तू बघ. तुझं कामच आहे ना उत्तरं लिहायचं?”

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. राजापूरचे काका.

“सूनबाई, मी मेलो काय गो?”

“नाही हो काका.”

“मग आमच्या वाडीतल्या त्या पोराचा मला फोन कशाला? त्याचा मुलगा तुमच्याच शाळेत आहे. फोन उचलला तर बोंबलला, ‘काका गेले असं शाळेत सर म्हणाले, मग कोण बोलतंय?’ म्हटलं, मीच. तर ठेवलंन. आता सगळीकडे सांगत सुटला असेल, पिशाच्च झालो म्हणून.”

मी माफी मागितली. ते हसत होते ही नशिबाची गोष्ट. “बारावं घालणार असाल तर मला बोलवा,” म्हणाले, “वडे चांगले करा.”

सरांना फोन करता आला असता. पण फोनवर माणूस प्रश्न विचारतो आणि आपण नको तेवढं बोलून बसतो. सरांनी खुलासा मागितला होता, तो लेखीच द्यायचा ठरवलं. संध्याकाळी चहा घेऊन बसले आणि पहिला मसुदा लिहिला. आता माझं मलाच हसू येतं. एक पानभर. त्यात गोळ्यांची नावं, हिमोग्लोबिनचा आकडा, सोनोग्राफीत काही सापडलं नाही हेसुद्धा. ऑफिसात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल पेननं खोडलं असतं. मुलीनं दोन ओळी वाचल्या आणि कागद फाडला.

दुसरा मसुदा ऑफिससारखा केला. ‘वैयक्तिक कारणास्तव’.

“आई, मुलीचं वैयक्तिक म्हटलं की सगळ्यांना कळतं.”

बरोबर होतं. मग लिहिलं, ‘दर महिन्याला काही दिवस तिला विश्रांतीची गरज असते.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आपणहून ‘दर महिन्याला’ खोडलं. पुढे लिहिलं, ‘अधिक माहिती हवी असल्यास मी शाळेतील एखाद्या बाईंना भेटून देईन.’

“बाईंनाच का? सरांना का नाही? कुणीही विचारेल!”

मी जितकं जपून लिहावं तितकं ते उघडं पडत होतं. सासूबाई शेजारी बसून होत्याच. “त्यापेक्षा कावीळ लिही,” म्हणाल्या. “कावीळ लांबते.”

“आई, कावीळ झालेली मुलगी खो-खो खेळेल का?”

“मग खेळायला पाहिजेच कशाला म्हणते मी.”

“आजी!” मुलगी किंचाळली.

मी दोघींना स्वयंपाकघरात पाठवलं आणि एकटी बसले. म्हटलं, हे पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे असं धर. सरांना नेमकं काय हवंय? आजाराचं नाव नकोय. त्यांना जाणून घ्यायचंय की कारण खरं आहे का, किती दिवस चालेल, अभ्यासाचं काय आणि मुलगी मैदानात उतरेल का. विचारलं आहे त्याचं उत्तर द्यायचं, न विचारलेल्याचं नाही. हा नियम मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. घरात मात्र तो आठवायला संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी सवयीनं दाखल्यावर आजाराचं नाव लिहायला घेतलं. मी म्हटलं, “शाळेसाठी आहे, नाव नको.”

त्यांनी मान डोलावली आणि नवा कागद घेतला. ‘उपचार सुरू आहेत, अधूनमधून विश्रांतीची गरज आहे, बरे वाटत असताना खेळण्यास हरकत नाही.’ खाली सही, शिक्का. “शाळेला एवढं पुरतं,” त्या म्हणाल्या. शिक्क्यात मात्र त्यांची पदवी होती, स्त्रीरोगतज्ज्ञ हा शब्द ठळक. त्यांच्याही ते लक्षात आलं. शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान, ते सगळ्याच आजारांचे डॉक्टर, त्यांच्याकडे मला पाठवलं. मुलीला घेऊन पुन्हा या म्हणाले, मी घेऊन आले. त्यांनी तिला तपासलं, सगळे रिपोर्ट वाचले आणि तोच मजकूर आपल्या कागदावर आपल्या सही-शिक्क्यानं दिला. एका दाखल्यापायी माझा अख्खा दिवस गेला.

पत्र शेवटी असं झालं :

‘आपला संदेश मिळाला. माझ्या मुलीवर डॉक्टरांचे उपचार सुरू असल्याने पुढील काही महिने ती अधूनमधून गैरहजर राहील. आजार संसर्गजन्य नाही व गंभीर नाही. खेळण्यास डॉक्टरांची हरकत नाही, दाखला सोबत जोडला आहे. बुडालेला अभ्यास ती घरी भरून काढते. वर्गात तिला बरे न वाटल्यास बाहेर जाऊ द्यावे. यापूर्वी घरून फोनवर सांगितलेली कारणे कृपया ग्राह्य धरू नयेत. याबाबत काही विचारायचे असल्यास मला एकटीला विचारावे, तिला वर्गात किंवा ग्रुपवर विचारू नये.’

मुलीनं दोनदा वाचलं. काही खोडलं नाही. “मला एकटीला” या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, “हे बरं आहे.”

सासूबाईंना मात्र एक वाक्य खुपलं. “ग्राह्य धरू नये म्हणजे मला खोटी ठरवलीस.”

“तुमचं नाव कुठे आहे? ‘घरून’ म्हटलंय.”

“घरात दुसरं आहे कोण?”

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. मी ते चालवून घेतलं. मुलीची जागा संघात राहायची तर आमच्यापैकी कुणीतरी खोटं पडायलाच हवं होतं.

पत्र मुलीच्या हाती दिलं नाही. त्यांच्या वर्गात चिठ्ठ्या मॉनिटर गोळा करतो आणि वाटेत वाचतो. पाकीट बंद केलं आणि मधल्या सुट्टीत स्वतः घेऊन गेले. सर व्हरांड्यात शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. त्यांनी तिथंच उघडलं. एकदा वाचलं, मग दाखला पाहिला.

“एवढंच होतं तर माणसं कशाला मारलीत हो, बाई?”

“घरून गैरसमज झाला.”

“आणि ते राजापूरचे?”

“ठणठणीत आहेत.”

ते पुन्हा दाखल्याकडे वळले. काही तरी विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. कागद घडी घालून खिशात ठेवला. “ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी नुसतं ‘येणार नाही’ कळवा. कारण नको. संघात तिचं नाव राहील, पण ज्या दिवशी शाळेत येईल त्या दिवशी सराव चुकवायचा नाही.”

“चुकवणार नाही. आणि सर, पुढच्या वेळी ग्रुपवर नको.”

“ते माझंही चुकलं,” ते म्हणाले आणि जरा घाईनंच मैदानाकडे निघाले. पायऱ्या उतरताना मागं वळून म्हणाले, “मी ग्रुपवर तसं लिहितो.”

“नको!” मी म्हटलं. पण घंटा झाली होती.

ऑफिसात पोचेपर्यंत ग्रुपवर संदेश आलेला होता. ‘संबंधित निधनाची बातमी चुकीची होती. सर्व मंडळी सुखरूप आहेत. विषय संपला.’ खाली टाळ्या. कुणीतरी ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं. मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी मुलीनं ते वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती उठलीच नाही. मी निघायच्या घाईत. सासूबाई फोन हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या.

“काय सांगू?”

“येणार नाही. बास.”

“नुसतं?”

“नुसतं.”

त्यांनी फोन लावला. “आज येणार नाही,” म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं काही तरी त्यांच्या ओठांवर होतं ते मला दिसत होतं. पलीकडून बरं म्हणाले असावेत. फोन बंद झाला. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“विचारलंन पण नाही गो, का म्हणून.”

आतून, पांघरुणातून आवाज आला. “आजी, परवा सरावाला येते असं सांगितलंस?”

“ते राहिलंच,” म्हणत त्यांनी चष्मा चढवला आणि पुन्हा नंबर लावला.