एकाच काचेवरची रोपं

गेवराईजवळच्या सरकारी बागेत आम्ही दोघे माळी होतो. मी आणि माझा जोडीदार. एकाच दिवशी कामाला लागलो, एकाच चुलीवर भाकरी केली, तरी त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. हे आता सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा मात्र मी ते कबूल केलं नसतं.

निजामाचं राज्य होतं. हैदराबादेहून आलेल्या साहेबांनी त्या उन्हाळ्यात एक टूम काढली. रॉकेलचे डबे आडवे कापून त्यांत मिरचीचं बी टाकायचं. एक डबा दिवसभर उघड्या उन्हात, एकावर फक्त दुपारपुरतं पातळ मांजरपाटाचं कापड, एक दिवसभर तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, दाट मांडवाखाली. माती, पाणी सारखंच. दर आठवड्याला फोटो काढायचा आणि सहाव्या फोटोनंतर ज्याची रोपं सर्वांत दणकट, तो पुढच्या हंगामात रोपवाटिकेचा मुकादम. मांडव मी मागून घेतला. सावलीत रोपं बाळसं धरतात, अशी माझी समजूत. जोडीदाराच्या वाट्याला मांजरपाट आला. उघड्या डब्याला आम्ही दोघेही पाणी घालायचो.

बाजाराच्या दिवशी सकाळी फोटोवाले येत. डबे कचेरीच्या ओसरीवर आणायचे, मागे काळी घोंगडी, शेजारी उंची मोजायची खुणांची काठी, कॅमेऱ्याची तीन पायांची तिकाटणी ठरल्या जागेवर. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, एका डब्याला एक काच. प्रत्येक डब्यातल्या ठरलेल्या पाच रोपांना दोरा बांधलेला, म्हणजे आयत्या वेळी चांगलं रोप पुढे करता येऊ नये.

तिसऱ्या फोटोत माझी रोपं सगळ्यांच्या वर गेली. उघड्या उन्हातली खुरटी, पानांच्या कडा करपलेली. जोडीदाराची बुटकी.

"काय बे, तुझी रोपं बसलीत का उभी हायेत?" मी त्याला म्हणालो. तो हसला. त्याच्या हसण्यानंही माझं डोकं फिरायचं.

चौथ्या फोटोत घात झाला. माझ्या रोपांचे शेंडे धुरकट आलेले, जोडीदाराच्या रोपांचं पान न् पान मोजता यावं असं. पाचव्यालाही तेच. साहेब दोन्ही फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले, आणि मला वाटलं, मुकादमकी गेली.

"फोटोवाले त्याला सामील हायेत, साहेब," मी बोलून गेलो. "माझ्या येळेला कॅमेरा हलवतेत. दोघांचे डबे एकाच काचेवर घ्या, मग बघा."

फोटोवाले लालबुंद झाले. साहेब शांतपणे म्हणाले, "घ्या."

डबे शेजारी शेजारी ठेवले. फोटोवाल्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलं, मोठ्याने "एक, दोन" मोजलं आणि झाकण परत लावलं. ओसरीवर नेहमीसारखी वाऱ्याची झुळूक होती. दुसऱ्या दिवशी फोटो आला. काठी स्वच्छ, जोडीदाराची रोपं स्वच्छ, आणि त्याच काचेवर माझी रोपं धुरकट.

"कॅमेरा नाही हलला. एवढ्याशा झुळकीनं तुझी रोपं हलतात," साहेब म्हणाले. मग त्यांनी पाचही आठवड्यांचे फोटो ओळीने मांडले. माझ्या रोपांत दोन पानांमधलं अंतर दर आठवड्याला वाढत गेलेलं, खोड मात्र तेवढंच. "उंची म्हणजे ताकद नाही. ही उजेड शोधत पळालीत. त्याच्या रोपाचं खोड बघ, जाड, पानं जवळ जवळ."

सहावा फोटो अजून बाकी होता. बाहेर पडल्यावर जोडीदार माझ्या मागे आला.

"अजून सावरतील. मांडव एकदम काढू नको. सकाळी घंटाभर ऊन दे, मग रोज थोडं वाढव."

तो खरं बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते त्याने सांगितलं होतं. मी त्याच्यासमोर मांडवाच्या तुराट्या ओढून फेकल्या आणि डबा भर दुपारच्या उन्हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पानं पांढरी पडून गळाली. बाजाराच्या दिवशी ओसरीवर आणायला माझ्याकडे नुसत्या माना टाकलेल्या काड्या होत्या. साहेबांनी त्यांचाही फोटो घ्यायला लावला, वहीत सगळं असलं पाहिजे म्हणून. जोडीदार मुकादम झाला.

हंगामाला प्रत्येक माळ्याला एक वाफा लावायचा होता आणि माझ्याकडे लावायला एकही रोप नव्हतं. सकाळी जाऊन बघतो तर माझ्या वाफ्याच्या कडेला ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोपं. पाचांना फोटोसाठी बांधलेला दोरा तसाच होता. दणकट पाहून दिलेली होती.

ती मी लावली. मिरच्या भरपूर आल्या, साहेबांनी पाठही थोपटली, आणि मी कुणाची रोपं ते सांगितलं नाही. जोडीदार शेजारीच उभा होता. तोही काही बोलला नाही, आणि त्याबद्दलही मला त्याचा रागच आला.