लेकीचा एक तास

आमच्या घरात कडक कोण, असं कुणी विचारलं तर माझी नऊ वर्षांची लेक डोळे मिटून माझ्याकडे बोट दाखवायची. टीव्हीवरच्या सिनेमा-मालिकांचं फॅमिली पॅकेज घेतलं, त्याच संध्याकाळी मी तिचं मुलांचं वेगळं प्रोफाइल केलं. चित्र माशाचं, वयाची मर्यादा 'यू/ए ७+', रोजचा वेळ एक तास. माझ्या आणि नवऱ्याच्या प्रोफाइलला पिन टाकला, नाहीतर ती आमच्या प्रोफाइलमधून शिरली की सगळा बंदोबस्त पाण्यात.

सासरे अर्नाळ्याचे. सासूबाई गेल्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, होडी विकावी लागली, आणि आम्ही त्यांना विरारला आमच्या पाचव्या मजल्यावर आणलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "बरं आहे ना, बाबा?" असं मी ऑफिसला निघताना विचारायचे, ते "बरा हाय" म्हणायचे. दुपारभर एकटे काय करतात, हे मी कधी विचारलं नाही.

एका संध्याकाळी लेकीबरोबर तिचं कार्टून बघायला बसले. पडद्यावर झोपलेलं अस्वल आणि खाली 'आजचा वेळ संपला'. तिची शाळा दुपारची. म्हणजे सकाळी अभ्यास सोडून ही टीव्ही बघते!

"नाही बघितलं," ती म्हणाली.

"मग कोणी बघितलं, भुताने?"

मी एक ठेवून दिली. मग ती म्हणाली, "हो, मीच." बाबा तेव्हा खाली देवळात गेले होते. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून मी फोन काढून तासाचा अर्धा तास केला. वर स्वतःच्या शिस्तीचं मनात कौतुकही करून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती दोन दिवस मावशीकडे उमेळ्याला गेली. ऑफिसात सहज अ‍ॅप उघडलं, तर दोन्ही दिवस अर्धा तास खर्च! लगेच कस्टमर केअरला फोन लावला. पासवर्ड चोरीला गेला का? मुलांच्या प्रोफाइलवर कोणी भलतंसलतं बघतंय का? पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, सात प्लसच्या वरचं त्या प्रोफाइलवर दिसतच नाही. अकाउंट तुमच्या घरच्या टीव्हीवर आणि तुमच्या फोनवरच चालू आहे. आणि वेळ प्रोफाइलचा मोजला जातो, माणसाचा नाही. काय बघितलंय ते इतिहासात दिसेल."

इतिहास उघडला. तारखांपुढे सगळा समुद्र. देवमासे, प्रवाळ, मासेमारीची गावं. तिचं कार्टून आठवड्यातून एखादंच.

अर्धी रजा टाकून घरी आले. बाबा खुर्चीत, हातात रिमोट, समोर ते झोपलेलं अस्वल. पिन नसलेलं आणि ओळखता येईल असं चित्र असलेलं एकच प्रोफाइल घरात होतं, माशाचं.

"हल्ली लवकर झोपतं गो ह्यं," ते म्हणाले. "बिघडलाय काय?"

पडद्यावर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. लेकीला मारलं होतं, तेही माझ्या तोंडून निघून गेलं. निदान ते तरी गिळायला हवं होतं.

"पोरीचा टाइम मी खाल्ला? मना कोनी सांगितला नाय." त्यांनी रिमोट स्टुलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात.

त्याच दिवशी मी त्यांचं प्रोफाइल केलं. चित्र होडीचं, पिन नाही, वेळेची मर्यादा नाही. चार-चार वेळा दाखवलं. "नको बाय, पोरीचा हाय ता," एवढंच म्हणायचे. लेकीने परत आल्यावर हात धरून ओढलं तरी बसले नाहीत.

तिला मी विचारलं, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तू त्यांना ओरडली असतीस." मग म्हणाली, "माझा तास उद्या परत मिळतोच की."

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली आणि गृहपाठाला बसली.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे मला समजावतात. मला मात्र तो अर्धा तास छळतो. अर्नाळ्याचा समुद्र आम्ही आधीच सोडायला लावला होता. पडद्यावरचा तेवढा उरला होता, त्यालाही मी कात्री लावली.

टीव्ही लावला की 'कोण बघतंय?' असा प्रश्न येतो आणि सगळी चित्रं ओळीने दिसतात. होडी अजून आहे, लेक काढू देत नाही. परवा मी होडीचा इतिहास उघडून पाहिला. त्यात काहीच नव्हतं.