मधल्या रात्रीची पाळी

हरिदास खोब्रागडे यांचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. त्या हिवाळ्यात मात्र तो एक वाजताच सुरू होऊ लागला. कारण नातू. पावणेदोन वर्षांचा नंदू एकच्या सुमारास जागा व्हायचा तो तीनपर्यंत डोळा मिटायचा नाही. रडणं नाही, ताप नाही, दात येत नव्हते. पोर टक्क जागं, हसरं आणि खेळायला तयार.

घर लंडनच्या हाउन्सलो भागातलं. मुलगी दीक्षा केमिस्टच्या दुकानात दिवसभर उभी असायची. जावई राजेंद्र एका ऑफिसचे कॉम्प्युटर रात्रभर सांभाळायचा. तो सकाळी परतायचा, दुपारपर्यंत पोराला बघायचा, मग झोपायचा. म्हणून मधली रात्र हरिदासांनी आपल्याकडे घेतली. बायको गेल्यापासून त्यांच्या खोलीत एक पलंग आणि भरपूर जागा होती.

जागायचं तर नीट जागावं, हा त्यांचा स्वभाव. ते पुढच्या खोलीत दिवा लावत, दूध कोमट करत आणि खोक्यांना दोरी बांधून विमानतळावरची बॅगांची गाडी तयार करत. नंदू इंजिन, आजोबा डबे. तीनला पोर आडवं व्हायचं. अर्ध्या तासाने हरिदास बूट घालून बसस्टॉपवर उभे असायचे.

हीथ्रो विमानतळावर त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षं काढली होती. आधी विमानाच्या पोटात गुडघ्यांवर बसून बॅगा रचल्या. गुडघे गेल्यावर टग चालवायला घेतला. टग म्हणजे बॅगांच्या गाड्या ओढणारा बुटका ट्रॅक्टर. माल एकदाच उचलायचा आणि एकदाच ठेवायचा, दोनदा हात लावावा लागला तर पहिला हात फुकट गेला, असं ते नव्या पोरांना सांगत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी टग विमानाकडे नेताना त्यांचा डोळा लागला. किती वेळ, ते त्यांनाही कळलं नाही. ब्रेक दाबला तेव्हा समोर विमानाच्या इंजिनाचं कवच होतं, हात लांब केला तर लागेल इतकं जवळ. मागच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या.

सुपरवायझर ग्रेवाल चालत आला. आधी त्याने कवच पाहिलं, मग हरिदासांचा चेहरा.

"आज मी दुसरीकडे बघत होतो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मला बघावं लागेल."

पुढच्या वेळी टग चालवायचं परमिट जाणार. परमिट गेलं की टग गेला, आणि या गुडघ्यांना दुसरं काम कोणी देणार नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं होती.

घरी त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दीक्षाने क्लिनिकला फोन केला आणि आठवड्याने हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघरी जाऊन लहान मुलं तपासणाऱ्या नर्स, प्रिचर्डबाई आल्या. त्यांनी पोराचं वजन केलं, कान पाहिले, घोरतो का विचारलं. सगळं ठीक होतं. मग त्या चहा घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काल काय काय झालं ते प्रत्येकाने आपापल्या पाळीचं सांगा."

राजेंद्रने सकाळ सांगितली. दीक्षाने संध्याकाळ सांगितली. साडेपाचला घरी, जेवण, अंघोळ, सातला पाळण्यात. "शेजारची सगळी मुलं सातलाच झोपतात," ती म्हणाली. "सकाळी साडेसहाला उठतो."

"आणि दुपार?"

"थोडा डोळा लागतो त्याचा," हरिदास म्हणाले. "तासभर."

"बाबा," दीक्षा म्हणाली, "मी दार उघडते तेव्हा तुमचं दोघांचं घोरणं फाटकापर्यंत ऐकू येतं."

राजेंद्र हसू दाबत म्हणाला, "मामा अडीचला येतात. साडेपाचपर्यंत घरात घोरण्याशिवाय आवाज नाही."

हरिदासांनी कप खाली ठेवला. खरं तर दिवसभरातला तेवढाच वेळ त्यांचा होता. ते सोफ्यावर पाय पसरायचे, पोर छातीवर पालथं पडायचं, आणि दोघं एकदम झोपायचे. रात्री बिचारं जागं असतं, दुपारी तरी भरून निघू दे, असं ते स्वतःला सांगत.

प्रिचर्डबाईंनी आवाज चढवला नाही. "त्याला जेवढी झोप लागते तेवढी तो घेतोच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला गरजेपेक्षा जास्त वेळ आडवा ठेवता. उरलेला वेळ कुठेतरी बाहेर पडणारच. तो मध्यरात्री पडतो. मग तुम्ही दिवा, दूध आणि गाडी देता. त्याच्या जागी मी असते तर मीही उठले असते."

उपाय साधा होता. दुपारची झोप जेवण झाल्यावर लगेच, दीड तास. नंतर उठवायचं. रात्री आठला पाळणा. सकाळची वेळ तीच, रात्र कितीही वाईट गेली तरी. रात्री जागा झाला तर जवळ बसायचं, पण अंधार, मोजकं बोलणं, खेळ बंद. फरक पडायला दोन आठवडे.

"त्याला दोनला राजेंद्र उठवेल," दीक्षा म्हणाली. "पण बाबा, तिथून आठपर्यंत जागं ठेवणं तुमच्याकडे."

"आणि मी?"

"तुम्हीही आठला झोपा. सलग."

हरिदासांनी मान हलवली. काम अंगावर घेतलं की ते कुरकुर करत नसत.

पहिल्या दिवशी ते त्याला बाबागाडीत घालून कालव्याकडे गेले. पुलापाशी पोहोचेपर्यंत नंदू झोपला. उठवलं तर त्याने कालवा दणाणून सोडला. त्या रात्री पुन्हा एक ते तीन. फक्त या वेळी अंधारात. नंदूने खोके मागितले, मग दिवा मागितला, मग आजोबांचं नाक ओढलं. हरिदास पलंगाच्या कडेला खांब होऊन बसले.

बसून नेलं की पोर झोपतं, पाय हलवले की झोपत नाही, हे त्यांनी टिपलं. समोरच्या सुचेताताईंच्या माळ्यावर जुनी तीनचाकी होती. एक चाक लंगडं. हरिदासांनी मागे झाडूचा दांडा बांधला आणि रोज अडीच ते पाच तिला ढकललं. कंबर दुखायची, डोळे चुरचुरायचे. दुकानदार विचारायचे, "काका, पोराला फिरवताय की पोर तुम्हाला?"

"दोघांपैकी एक जागा आहे एवढं पुरे," ते म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही. दुसऱ्यात जागरण अर्ध्यावर आलं. मग एक रात्र नंदूने नुसती कूस बदलली. हरिदास उठून बसले, वाट पाहिली आणि पुन्हा आडवे झाले. एप्रिलमध्ये त्यांना आठवेना की शेवटचं जागरण कोणत्या रात्री झालं.

ग्रेवालने एकदा टगपाशी थांबून विचारलं, "आता कसं?"

"आता तू कुठेही बघ," हरिदास म्हणाले.

मे महिन्यात सुचेताताईंचा नातू येणार म्हणून तीनचाकी परत गेली. त्याच आठवड्यात पगार झाला. हरिदासांना गेलं वर्षभर हाय स्ट्रीटवरच्या दुकानातली एक खुर्ची घ्यायची होती. तपकिरी, बाजूची दांडी ओढली की पाय वर आणि पाठ मागे. पहाटेच्या पाळीनंतर पडायला. जास्तीच्या पाळ्यांचे पैसे त्यासाठीच बाजूला पडत होते. ते नंदूला घेऊन दुकानात गेले आणि बसले. नंदू मांडीवर चढला. विक्रेत्याने दांडी ओढली.

खुर्ची मऊ होती. गुडघ्यांतली कळ थांबली. नंदूने सवयीने छातीवर गाल टेकला आणि त्याच्या पापण्या खाली आल्या. हरिदासांच्याही आल्या. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते.

ते उठले. पोर उचलून पायांवर उभं केलं.

"आवडली नाही का?" विक्रेत्याने विचारलं.

"चांगली आहे," हरिदास म्हणाले. "म्हणूनच नको."

पलीकडच्या दुकानातून त्यांनी लाल तीनचाकी घेतली. लोखंडी, तिन्ही चाकं सरळ, मागे ढकलायला पक्का दांडा. पावसासाठी दोघांना बूट घेतले. नंदू घरापर्यंत पायडल मारत आला.